एकाच शाळेचा अभ्यास: खोली कुठून येते आणि निष्कर्ष कुठवर नेता येतो

प्रश्न: "शिक्षणशास्त्राच्या प्रबंधासाठी मी एकाच माध्यमिक शाळेची केस स्टडी करते आहे. शाळेने गेल्या वर्षी आठवीपासून गुणांवरून तुकड्या पाडणं बंद केलं. यंदा आठवी-नववी मिश्र आहेत, दहावी अजून जुन्याच पद्धतीने. शिक्षक म्हणतात, मुलांचं वागणं सुधारलं. माझे मार्गदर्शक विचारतात, 'एका शाळेवरून काय सिद्ध होणार?' आणखी दोन शाळा घेऊ का? आणि सामान्यीकरणाबद्दल प्रबंधात नेमकं काय लिहू?"

उत्तर:

मार्गदर्शकांची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर शाळांच्या संख्येत नाही. तुमच्या मनात इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. एक म्हणजे, अशा बदलानंतर किती शाळांमध्ये मुलांचं वागणं सुधारतं? दुसरा, तुकड्या मोडल्यावर मुलांचं वागणं बदलतं ते कसं, कोणत्या वाटेने आणि कोणत्या परिस्थितीत? पहिल्या प्रश्नाला एक शाळा पुरत नाही, आणि तीनही पुरत नाहीत. त्यासाठी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या बऱ्याच शाळा आणि सर्वेक्षण लागतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एक शाळा नीट अभ्यासली तर बरंच उत्तर देता येतं. तुमचा प्रश्न दुसरा आहे असं मी धरून चालतो. तो पहिला असेल तर केस स्टडी हा आराखडाच सोडा.

रॉबर्ट यिन यांनी या दोन वाटांना वेगळी नावं दिली आहेत. नमुन्यावरून समष्टीकडे जाणं हे सांख्यिकीय सामान्यीकरण, आणि एका प्रकरणावरून एखाद्या स्पष्टीकरणाकडे, सिद्धांताकडे जाणं हे विश्लेषणात्मक सामान्यीकरण. केस स्टडीतली शाळा हा इतर शाळांचा नमुना नसतो. ती एखाद्या स्पष्टीकरणाची परीक्षा घेण्याची जागा असते. हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात उतरवलेलं सापडतं, पण त्याप्रमाणे आराखडा केलेला फार थोड्या प्रबंधांत दिसतो. तुमच्या विषयात हे प्रत्यक्ष घडलेलं आहे, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो.

ब्रिटनमध्ये डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी मुलांच्या एका माध्यमिक शाळेचा अभ्यास केला आणि तो १९६७ साली प्रसिद्ध झाला. ही शाळा निवड-परीक्षेत मागे पडलेल्या मुलांसाठीची होती आणि आत पुन्हा गुणांप्रमाणे तुकड्या होत्या. वरच्या तुकडीत अभ्यासाला मान होता. खालच्या तुकड्यांत मुलांनी शाळेच्या विरुद्ध जाणारी स्वतःचीच मूल्यं उभी केली होती. तिथे शिक्षकांना न जुमानणाऱ्याला मान मिळायचा. आता यावर कोणीही म्हणू शकलं असतं की ही मुलं मुळात तशीच होती, घरची परिस्थिती तशी होती, तुकड्यांचा काय दोष?

मग १९७० साली कॉलिन लेसी यांचा अभ्यास आला, तोही एकाच शाळेचा. पण ही शाळा निवड-परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांची होती. आधीच्या शाळेत ही सगळीच मुलं हुशार, शिक्षकांची लाडकी. पहिल्या वर्षी त्यांच्या गुणांवरून तुकड्या नव्हत्या, नंतर झाल्या. आणि तुकड्या झाल्यावर इथेही तळाच्या तुकडीत शाळाविरोधी गट तयार झाला. अभ्यासू म्हणून आत आलेली मुलंच दोन वर्षांच्या आत शाळेच्या विरुद्ध उभी राहिली. "मुलं मुळात तशीच होती" हे उत्तर इथे फार लंगडं पडतं. लेसींनी यातून दोन पायऱ्यांचं स्पष्टीकरण दिलं: शाळा मुलांना क्रमवारीत लावते, हे विभेदन, आणि त्या क्रमवारीला प्रतिसाद म्हणून मुलांची मनं, मैत्री आणि मूल्यं दोन टोकांना सरकतात, हे ध्रुवीकरण.

तिसरा अभ्यास स्टीफन बॉल यांचा, १९८१चा. बॉल हे लेसींचेच विद्यार्थी. त्यांनी निवड-परीक्षा न घेता सगळ्यांना प्रवेश देणारी एक शाळा घेतली. तिथे आधी गुणांनुसार गट होते आणि नंतर मिश्र वर्ग आले. मिश्र वर्गांत शाळाविरोधी गट बरेच विरले, पण वर्गाच्या आत शिक्षक मुलांची क्रमवारी लावतच राहिले. म्हणजे ध्रुवीकरण कमी झालं तरी विभेदन संपलं नाही.

तिन्ही शाळा एकेकट्याच होत्या. तरीही त्यांनी मिळून एक स्पष्टीकरण घडवलं, कारण प्रत्येक शाळा आधीच्या स्पष्टीकरणाची वेगळी बाजू तपासत होती. लेसींच्या शाळेचं वजन कशामुळे आहे ते पाहा. शाळाविरोधी गट तयार होण्याची शक्यता सर्वांत कमी असायला हवी, अशी ती शाळा होती. तिथेही तो झाला, म्हणून तो पुरावा जड ठरतो. असा गट सहज तयार होईल अशा दहा अनुकूल शाळा पाहून एवढं वजन आलं नसतं. तेव्हा मार्गदर्शकांना द्यायचं उत्तर असं आहे: माझी शाळा या साखळीत कुठे बसते आणि ती कोणतं स्पष्टीकरण तपासू शकते, ते मी सांगते.

आता तुमच्या शाळेकडे वळू. पहिलं काम म्हणजे "ही केस कशाची?" याचं एका वाक्यात उत्तर लिहून ठेवणं. "अमुक शाळेची केस स्टडी" हे ते उत्तर नाही. शाळा हे फक्त ठिकाण झालं. तुमच्या बाबतीत वाक्य साधारण असं होईल: "तुकड्या मोडल्यावर मुलांचं ध्रुवीकरण कमी होतं का, आणि झालं तर ते विभेदन कमी झाल्यामुळे की आणखी कशामुळे, याचं हे एक प्रकरण आहे." हे वाक्य ठरलं की सीमा आपोआप आखल्या जातात. आठवी ते दहावी आत, पाचवी ते सातवी बाहेर. तुकडीवाटप, बसण्याची व्यवस्था, प्रश्न विचारण्याची पद्धत, मैत्री, हजेरी आणि शिस्त आत. ग्रंथालय, क्रीडास्पर्धा, शाळेची स्थापना, संस्थेचा इतिहास बाहेर. एका शाळेच्या प्रबंधाची चाळीस पानं शाळेच्या इमारतीवर आणि परंपरेवर खर्च होतात, याचं कारण हे वाक्य लिहिलेलं नसतं. खोली हवी म्हणून विद्यार्थी शाळेबद्दल सगळंच गोळा करतात आणि मग ज्या एका धाग्याला खोली हवी होती तोच उथळ राहतो.

दुसरा निर्णय म्हणजे या स्पष्टीकरणासाठी तुमची शाळा अनुकूल आहे की प्रतिकूल, हे प्रामाणिकपणे ठरवणं. बहुतेक जण "ही एक प्रातिनिधिक शाळा आहे" असं लिहून टाकतात. प्रातिनिधिक आहे हे दाखवायला इतर शाळांची माहिती लागते आणि ती त्यांच्याकडे नसते. प्रवेश मिळाला म्हणून ही शाळा घेतली असेल तर तसं सरळ लिहा, त्यात काही कमीपणा नाही. पण त्यापुढे जा. तुमच्या शाळेने हा बदल आपणहून केला. म्हणजे मुख्याध्यापकांना तो हवा होता आणि निदान काही शिक्षकांची तयारी होती. याचा अर्थ, बदल यशस्वी होण्यासाठी ही अनुकूल जागा आहे. यातून तुमच्या निष्कर्षांचं वजन आधीच ठरतं, आणि ते दोन्ही बाजूंना सारखं नाही. इतक्या अनुकूल शाळेतही मुलांचे गट जुन्या गुणरेषेवरच टिकून राहिलेले दिसले, तर तो निष्कर्ष दूरवर जातो, कारण नाखूश शाळांमध्ये याहून बरं घडण्याची अपेक्षा कमीच. उलट, गट विरलेले दिसले तर तुमचं विधान तूर्त "शाळेला स्वतःला बदल हवा असतो तिथे" एवढ्यापुरतंच ठेवावं लागेल. हे माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा. नंतर लिहिलं तर ते निष्कर्षाला सोयीचं होतं, आणि परीक्षकाला ते लगेच जाणवतं.

"एक शाळा म्हणजे एकच नोंद" या आक्षेपाचं मुळातलं उत्तर डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७५ साली दिलं. हेच कॅम्बेल १९६३ मध्ये जूलियन स्टॅन्ली यांच्याबरोबर लिहिताना एकच प्रकरण एकदाच पाहणाऱ्या अभ्यासाला जवळजवळ शास्त्रीय मूल्य नाही असं म्हणाले होते. बारा वर्षांनी त्यांनी आपलं मत बदललं. त्यांचा मुद्दा असा की, एखादं स्पष्टीकरण खरं असेल तर त्यातून त्या एकाच प्रकरणाबद्दल अनेक अपेक्षा निघतात, आणि अभ्यासक त्या प्रत्येकीची पडताळणी करू शकतो. प्रकरण एकच, पण कसोट्या पुष्कळ. तुमच्या शाळेत तर हे फार छान जमतं, कारण बदल टप्प्याटप्प्याने आला आहे.

शिक्षक म्हणतात, वागणं सुधारलं. समजा सुधारलं. त्याची निदान चार स्पष्टीकरणं संभवतात. तुकड्या मोडल्यामुळे सुधारलं, हे तुमचं. दुसरं, मुख्याध्यापकांनी त्याच सुमाराला शिस्तीची घडी बसवली, त्यामुळे. तिसरं, यंदाची नववीची मुलं मुळातच शांत आहेत. चौथं, मुलं तशीच आहेत, पण वात्रट मुलं पूर्वी एकाच वर्गात दिसायची ती आता चार वर्गांत विखुरली, म्हणून शिक्षकांना त्रास कमी जाणवतो.

आता प्रत्येकाची अपेक्षा मांडून पाहा. कारण शिस्तीची घडी असेल तर दहावीतही सुधारणा दिसायला हवी, कारण मुख्याध्यापक तिथेही तेच आहेत. कारण तुकड्या असतील तर दहावी होती तिथेच राहायला हवी. पण दहावीची मुलं मोठी आहेत आणि परीक्षेचं वर्ष आहे, म्हणून यंदाची नववी आणि यंदाची दहावी एवढीच तुलना पुरणार नाही. त्यासाठी हजेरीपट आणि शिस्तीची नोंदवही काढा आणि आजची दहावी गेल्या वर्षी नववीत असताना कशी होती ते पाहा. वय तेच, इयत्ता तीच, फक्त तुकड्या वेगळ्या. मुळातच शांत असलेल्या मुलांची शंका असेल तर दोन्ही बॅचच्या सातवीतल्या नोंदी शेजारी ठेवा. तेव्हा त्या तुकड्यांत विभागल्या गेल्या नव्हत्या, म्हणून तो चांगला आरंभबिंदू आहे. आणि चौथं स्पष्टीकरण खरं असेल तर मुलाखतींत सुधारणा दिसेल पण नोंदींत दिसणार नाही: तळाच्या गटातल्या मुलांची गैरहजेरी जेवढीच्या तेवढी, आणि तक्रारींची एकूण संख्याही तेवढीच, फक्त वर्गावर्गांत वाटली गेलेली. एक सावधगिरी घ्या. शिस्तीची नोंदवही हे मुलांच्या वागण्याचं माप असतं तितकंच शिक्षकांच्या नोंद करण्याच्या सवयीचंही असतं. त्या काळात नोंद करण्याचा नियम किंवा नोंद करणारी व्यक्ती बदलली का, हे आधी विचारा.

हे चार पर्याय आणि त्यांच्या अपेक्षा प्रस्तावातच एका पानावर मांडा. एका शाळेच्या अभ्यासावर परीक्षकाचा विश्वास बसतो तो या पानामुळे, मुलाखतींच्या संख्येमुळे नव्हे.

मैत्रीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ध्रुवीकरण तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं. हारग्रीव्ह्ज आणि लेसी दोघांनीही मुलांना आपले मित्र कोण हे विचारलं होतं. तुम्हीही करू शकता. प्रत्येक मुलाला आपल्या इयत्तेतली तीन जवळची नावं लिहायला सांगा, वर्गातलीच नव्हे, पूर्ण इयत्तेतली. "कोण आवडत नाही" हे कधीच विचारू नका. त्यातून मुलांना इजा होते आणि तुमचा शाळेतला प्रवेशही संपू शकतो. पालकांची आणि मुलांची संमती घ्या, नावांच्या जागी लगेच संकेतांक टाका, आणि मूळ यादी शाळेत ठेवू नका.

समजा नववीत १६० मुलं आहेत, ४०-४०च्या चार वर्गांत. सातवीच्या गुणांवरून जुन्या पद्धतीने तळाच्या तुकडीत गेली असती अशी ४० मुलं ओळखा. शाळेकडे त्या याद्या करण्याची जुनी रीत अजून असेलच. ही ४० मुलं मिळून १२० नावं देतील. मैत्रीचा गुणांशी काहीच संबंध नसेल तर त्यातली सुमारे २९ नावं याच ४० मुलांमधली असतील, कारण प्रत्येकाला निवडायला १५९ मुलं आहेत आणि त्यांतली ३९ त्याच्या गटातली. तुम्हाला ३५ मिळाली तर गट विरला म्हणायला जागा आहे. ७५ मिळाली तर वर्ग मिश्र झाले, पण मैत्री झाली नाही. दहावीत हा आकडा मोठाच येणार, कारण ती मुलं एका खोलीत बसतात. तो आकडा नववीशी ताडून पाहण्यापुरता वापरा. शिवाय मैत्री शेजारावरून, जुन्या वर्गावरून, खेळावरूनही होते, म्हणून आकडा मोठा आला की लगेच ध्रुवीकरण म्हणू नका. त्या मित्रगटात शाळेबद्दलची भावनाही एकसारखी आहे का, एकमेकांना ते कशासाठी मान देतात, हे बोलून आणि बघून कळेल. हा आकडा तुमच्या शाळेतल्या नववीचं वर्णन आहे. त्यावरून सगळ्या शाळांविषयी सार्थकतेची चाचणी लावण्याचा मोह टाळा. ही १६० मुलं इतर कोणाचा यादृच्छिक नमुना नाहीत.

खोलीबद्दल बोलायचं तर, खोली म्हणजे मुलाखतींचे तास किंवा लिप्यंतराची पानं असं समजणारे बरेच भेटतात. माझ्या मते खोली म्हणजे एकच गोष्ट तीन-चार ठिकाणी तपासत कारणापर्यंत जाता येणं. समजा गणिताचे एक शिक्षक म्हणाले, "मी सगळ्यांना सारखंच शिकवतो." हे मुलाखतीत घ्या आणि मग त्यांच्या तासाला मागे बसा. बसण्याचा आराखडा काढा, गुणांचे गट त्यावर खुणेने दाखवा, आणि प्रश्न कोणाला गेला, कोणत्या प्रकारचा गेला, चुकल्यावर पुन्हा संधी मिळाली की प्रश्न पुढे गेला, एवढंच नोंदवा. कारण सांगणारे प्रश्न पुढच्या दोन रांगांना आणि "वाच" किंवा "फळा पूस" मागच्यांना जात असेल, तर बॉल यांना मिश्र वर्गांत जे दिसलं तेच तुम्हालाही दिसतं आहे: तुकडी मोडली, क्रमवारी खोलीत आली. मग तोच आराखडा घेऊन शिक्षकांशी पुन्हा बोला, आरोप म्हणून नव्हे, समजून घेण्यासाठी. "मागच्यांना वेळ लागतो, अभ्यासक्रम संपत नाही" असं काही कळलं तर धागा वेळापत्रकापर्यंत आणि परीक्षेपर्यंत जातो. त्यानंतर शिक्षकांच्या बैठकीची इतिवृत्तं पाहा: मिश्र वर्ग करताना तासिका वाढवल्या का, अभ्यासक्रमाचा वेग कोणी ठरवला, या वर्गांवर कोणते शिक्षक दिले. जुन्या पद्धतीत तळाच्या तुकडीवर नवखे किंवा तात्पुरते शिक्षक दिले जात असतील आणि मिश्र वर्गांत ते बदललं असेल, तर सुधारणेचं पाचवं स्पष्टीकरण तुमच्यासमोर येतं. ते प्रश्नावलीत कधीच आलं नसतं. शाळेत जाऊन राहण्याचा फायदा हाच.

खोली नाही हे ओळखायच्या खुणा आहेत. तुमच्या टिपणांत सगळे एकमेकांशी सहमत असतील तर काहीतरी चुकलं आहे. मुलाखतीतली वाक्यं शाळेच्या वार्षिक अहवालासारखी ऐकू येत असतील तरीही. बहुधा याचं कारण असं की मुख्याध्यापकांनी ज्यांच्याशी गाठ घालून दिली त्यांच्याशीच तुम्ही बोललात. म्हणून शाळेच्या आतसुद्धा निवड विचारपूर्वक करावी लागते, आणि ती फक्त माणसांची नव्हे. पहिला तास आणि शेवटचा तास, परीक्षेआधीचा आठवडा आणि नंतरचा, वर्ग आणि व्हरांडा, बदलाच्या बाजूचे शिक्षक आणि बदल नको असलेले, बदली शिक्षक, शिपाई. आणि मुद्दाम अपवाद शोधा: तळाच्या गटातला पण अभ्यासाला लागलेला मुलगा, किंवा भरपूर गुण मिळवणारी पण शाळेला वैतागलेली मुलगी. तुमचं स्पष्टीकरण या दोघांना सामावून घेत नसेल तर ते अजून अर्धवट आहे.

आता सामान्यीकरणाबद्दल काय लिहायचं. सर्वसाधारणपणे प्रबंधांत दोन विसंगत गोष्टी शेजारी असतात. मर्यादांच्या भागात एक ओळ: "हा अभ्यास एका शाळेपुरता असल्याने निष्कर्षांचं सामान्यीकरण करता येणार नाही." आणि शिफारशींच्या प्रकरणात: "सर्व शाळांनी गुणांवरून तुकड्या पाडणं बंद करावं." पहिलं वाक्य जरुरीपेक्षा जास्त सोडून देतं आणि दुसरं हक्कापेक्षा जास्त मागतं. दोन्ही काढा.

त्याऐवजी तुमची विधानं तीन पातळ्यांवर वेगळी ठेवा. पहिली, या शाळेत काय घडलं. इथे तुम्ही ठामपणे बोलू शकता आणि बोलायला हवं. दुसरी, स्पष्टीकरणाचं काय झालं: "या शाळेत विभेदन वर्गाच्या आत टिकून राहिलं, तरी शाळाविरोधी गट विरले, म्हणजे ध्रुवीकरणासाठी कोणतंही विभेदन पुरत नाही, ते सार्वजनिक आणि कायमचं असावं लागतं, असं दिसतं." हे तुमचं खरं सामान्यीकरण. ते शाळांविषयी नाही, स्पष्टीकरणाविषयी आहे, आणि पुढचा अभ्यासक ते तपासू शकतो. तिसरी पातळी, इतर शाळांची. इथे फक्त अटी लिहा: कोणत्या परिस्थितीत हेच घडेल असं तुम्हाला वाटतं आणि कोणत्या परिस्थितीत नाही. "बदल शाळेने स्वतः केला होता, शिक्षक दोन्ही प्रकारच्या वर्गांवर शिकवत होते, तुकड्या आठवीपासूनच होत्या, त्याआधी नव्हत्या. जिथे मुलं पहिलीपासूनच वेगळी काढली जातात तिथे हे लागू होईल असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही."

एका शाळेला आणखी एक गोष्ट करता येते आणि ती विद्यार्थी विसरतात. "नेहमीच", "तुकड्यांशिवाय कधीच नाही" अशी जी सार्वत्रिक विधानं असतात, त्यांना एक विरोधी प्रकरणसुद्धा धक्का देतं. बेंट फ्लिव्हबर्ग यांनी २००६ मध्ये केस स्टडीविषयीच्या गैरसमजांवर लिहिताना याच ताकदीवर बोट ठेवलं होतं. मात्र असं प्रकरण किती वेळा आढळेल, हे एक शाळा सांगू शकत नाही. "बहुतेक", "साधारणपणे", "सरासरी" हे शब्द निष्कर्षांच्या प्रकरणात शोधा. ते शाळांबद्दल वापरले असतील तर खोडा.

निष्कर्ष दुसऱ्या शाळेला लागू पडतो का, हे शेवटी त्या शाळेला ओळखणाराच ठरवू शकतो. यिव्होना लिंकन आणि इगॉन गुबा यांनी १९८५ साली याला हस्तांतरणीयता म्हटलं, आणि संशोधकाचं काम एवढंच सांगितलं की वाचणाऱ्याला तुलना करता येईल इतका तपशील द्यावा. पण कोणता तपशील? स्पष्टीकरणावर ज्याचा परिणाम होऊ शकतो तोच. तुकड्या किती, कोणत्या गुणांवरून, दरवर्षी बदलायच्या का, तळाच्या तुकडीतून वर जाणं खरोखर घडत होतं का, शिक्षक किती काळ टिकतात, मुलांची निवड शाळेत येतानाच झालेली असते का. इमारतीला किती खोल्या आहेत याने कोणाचीही तुलना होत नाही.

इथे एक पेच येतो. तपशील जितका दाट तितकी शाळा ओळखू येते. टोपणनाव दिलं तरी त्या भागातल्या लोकांना शाळा कळते, आणि शाळेतल्या लोकांना तर प्रत्येक माणूस कळतो. मुख्याध्यापक एकच असतात, त्यांना कोणत्या नावाआड लपवणार? मी असं सुचवतो: स्पष्टीकरणाशी संबंध नसलेले तपशील, म्हणजे विषय, लिंग, नोकरीची वर्षं, हवे तर बदला किंवा धूसर करा आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात सांगा. स्पष्टीकरणाला लागणारे तपशील बदलू नका. एखादं अवतरण छापल्याने माणूस अडचणीत येणार असेल तर ते अवतरण सोडा आणि आशय आपल्या शब्दांत, दोन-तीन जणांचा मिळून सांगा. मुख्याध्यापकांना हे आधीच, परवानगी घेतानाच, स्पष्ट सांगा.

आणखी दोन शाळांबद्दल. हे तुमच्याकडे किती वेळ आहे यावर आणि त्या शाळा कशासाठी निवडता यावर अवलंबून आहे. "तीन असल्या की बरं दिसतं" एवढंच कारण असेल तर घेऊ नका. प्रत्येक शाळेला एक तृतीयांश वेळ मिळेल, वर्गात बसणं, नोंदी तपासणं, परत जाऊन विचारणं हे सगळं कापलं जाईल आणि हातात तीन शाळांच्या प्रश्नावल्या उरतील. सांख्यिकीय सामान्यीकरण तरीही मिळणार नाही. एक दुसरी शाळा घेण्यात अर्थ आहे तो एकाच स्थितीत: ती तुमच्या स्पष्टीकरणाची उलटी बाजू दाखवणारी असेल, उदाहरणार्थ जिथे मिश्र वर्ग वरून लादले गेले आणि शिक्षक नाखूश आहेत. अशी शाळा आवाक्यात असेल आणि वर्षभराहून जास्त काळ हाताशी असेल तर मार्गदर्शकांशी बोला. नसेल तर तीच शाळा तुमच्या प्रबंधाच्या शेवटी "पुढचा अभ्यास कुठे व्हावा" याचं नेमकं उत्तर म्हणून लिहा. हारग्रीव्ह्ज, लेसी आणि बॉल यांच्यातही दुसरी आणि तिसरी शाळा दुसऱ्याच माणसांनी पाहिली होती.

विद्यापीठाचा नियम किंवा मूल्यमापनाचा तक्ता एकापेक्षा जास्त शाळा मागत असेल तर अर्थातच वाद घालत बसू नका. मुख्य अभ्यास याच शाळेत खोलवर करा आणि दुसऱ्या शाळेत फक्त एकच कसोटी, मैत्रीची किंवा वर्गातल्या प्रश्नांची, करून पाहा. ती पूर्ण केस नाही हे मात्र स्पष्ट लिहा.

कामाचा क्रम ठरवताना दहावी आधी घ्या. गुणांवरच्या तुकड्यांत बसलेली ही शाळेतली शेवटची बॅच आहे आणि वर्षअखेर ती बाहेर पडेल. त्यांच्या मैत्रीच्या याद्या, त्यांच्या वर्गांतलं निरीक्षण आणि तळाच्या तुकडीतल्या मुलांच्या मुलाखती या सत्रात झाल्या नाहीत तर नववीशी ताडून पाहायला फक्त जुने हजेरीपट उरतील. आठवी-नववीचं निरीक्षण पुढच्या सत्रातही करता येईल. नोंदवह्यांची परवानगी मात्र आजच मागा, कारण त्या वर्ष संपल्यावर कपाटात किंवा रद्दीत जातात.